दोन ताळेबंदांवरून रोख प्रवाह पत्रक : जुळलं म्हणजे बरोबर आलं का?

मागच्या व्याख्यानात आपण एकाच वर्षाचा ताळेबंद कसा वाचायचा ते बघितलं. आज दोन वर्षांचे ताळेबंद शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यामधून रोख प्रवाह पत्रक, म्हणजे कॅश फ्लो स्टेटमेंट, कसं काढायचं ते बघणार आहोत. पद्धत अप्रत्यक्ष घेणार आहोत, कारण प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तीच वापरली जाते.

आपण मुरुममध्ये बसलो आहोत, म्हणून उदाहरणही इथलंच घेऊ. उमरगा तालुक्यातल्या या बाजारात तूर येते, हरभरा येतो, सोयाबीन येतं. तेव्हा एक डाळमिल धरू. मिल आणि तिचे आकडे शिकण्यासाठी कल्पिलेले आहेत, पण त्यातली अडचण खरी आहे. मिलला वर्षाला करापूर्वी १४ लाख नफा झाला, आणि तरीही बँकेतली शिल्लक ९ लाखांवरून ३ लाखांवर आली. मालक विचारतो, "नफा झाला म्हणता, मग पैसा गेला कुठं?" मिलने बँकेकडे कर्जमर्यादा वाढवून मागितली आहे, आणि शाखाधिकारीही तोच प्रश्न विचारतो आहे. या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच रोख प्रवाह पत्रक.

कायद्याचं थोडक्यात सांगून पुढे जाऊ. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे कंपनीच्या वित्तीय पत्रकांमध्ये रोख प्रवाह पत्रक येतं. लहान कंपनी आणि एकव्यक्ती कंपनी यांना त्यातून सूट आहे. म्हणजे आपल्या डाळमिलला कदाचित कायद्याने ते करावं लागणार नाही. पण कर्ज मागायला गेलं की बँक ते मागू शकते. कसं करायचं याचे नियम अकाउंटिंग स्टँडर्ड ३ मध्ये आहेत, आणि आपण त्याच नियमांनी चालणार आहोत.

आधी दोन ताळेबंद

सगळे आकडे लाख रुपयांत आहेत.

| बाब | ३१ मार्च २०२३ | ३१ मार्च २०२४ | फरक |
|---|---|---|---|
| भागभांडवल | ४० | ४५ | +५ |
| राखीव निधी व शिल्लक नफा | १८ | २४ | +६ |
| मुदत कर्ज | २० | २६ | +६ |
| धनको (देणी) | १६ | १३ | −३ |
| आयकराची तरतूद | ३ | ४ | +१ |
| एकूण देयता | ९७ | ११२ | |
| यंत्रसामग्री (घसारा वजा जाता) | ४२ | ५० | +८ |
| मालसाठा | २४ | ३३ | +९ |
| ऋणको (येणी) | २२ | २६ | +४ |
| रोख व बँक शिल्लक | ९ | ३ | −६ |
| एकूण मालमत्ता | ९७ | ११२ | |

पहिली गोष्ट शेवटच्या ओळीत बघायची. रोख ६ लाखांनी कमी झाली. पत्रकाच्या तळाशी उत्तर उणे ६ आलंच पाहिजे, हे आपल्याला सुरुवातीलाच माहीत आहे.

आणि इथंच एक सापळा आहे. पुष्कळ जण काय करतात? फरकाचा रकाना घेतात आणि सरळ तीन गटांत वाटून टाकतात. राखीव निधी ६ ने वाढला, तो नफा समजायचा. त्यात तरतुदीची वाढ १ मिळवायची, मालसाठ्याची वाढ ९, येण्यांची वाढ ४ आणि देण्यांची घट ३ वजा करायची. कामकाजातून उणे ९ आले. यंत्रसामग्री ८ ने वाढली, म्हणून गुंतवणुकीत उणे ८. भांडवल ५ आणि कर्ज ६ वाढलं, म्हणून वित्तपुरवठ्यातून अधिक ११. बेरीज करा : उणे ९, उणे ८, अधिक ११, म्हणजे उणे ६. जुळलं!

जुळलं खरं, पण ते जुळणारच होतं. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू दोन्ही वर्षी समान आहेत, त्यामुळे रोख सोडून बाकी सगळ्या फरकांची बेरीज ही रोखीच्या फरकाएवढीच येते. तुम्ही तो फरक कुठल्याही गटात टाका, तळाची बेरीज हलत नाही. म्हणजे शेवटी आकडा जुळणं हा फक्त तुमची वजाबाकी बरोबर असल्याचा पुरावा आहे. पत्रक बरोबर असल्याचा नाही. आता खरं पत्रक काढू आणि त्या उणे ९ चं काय होतं ते बघू.

ताळेबंदात न दिसणारी माहिती

ताळेबंद म्हणजे वर्षाच्या दोन टोकांना काढलेले दोन फोटो. मधल्या बारा महिन्यांत काय झालं ते फोटोत नसतं. त्यासाठी नफा-तोटा पत्रक, स्थिर मालमत्तेची नोंदवही, कर्जखात्याचा उतारा आणि कराची चलनं समोर घ्यावी लागतात. आपल्या मिलच्या कागदांतून एवढं कळलं :

- वर्षाचा घसारा ६ लाख.
- ४ लाख पुस्तकी किंमत असलेलं जुनं यंत्र ३ लाखांना रोखीने विकलं.
- मुदत कर्जाचे ४ लाख फेडले आणि नवीन कर्ज घेतलं.
- कर्जावरचं व्याज २ लाख, सगळं भरलं.
- भागधारकांना ४ लाख लाभांश दिला.
- नफा-तोटा पत्रकात चालू वर्षाच्या कराची तरतूद ४ लाख केली.
- नवीन शेअर रोखीने विकले.

आता ज्या खात्यात एकापेक्षा जास्त गोष्टी घडल्या, ते खातं आपण पुन्हा उघडायचं. सुरुवातीची शिल्लक घ्यायची, माहीत असलेल्या नोंदी टाकायच्या, शेवटची शिल्लक लिहायची, आणि जे कमी पडतं ते शोधून काढायचं. संपूर्ण अप्रत्यक्ष पद्धतीचं मर्म या एका कृतीत आहे.

यंत्रसामग्रीचं खातं बघा. सुरुवात ४२. त्यातून घसारा ६ गेला, विकलेल्या यंत्राची पुस्तकी किंमत ४ गेली, राहिले ३२. पण शेवटी तर ५० आहेत. म्हणजे १८ लाखांची नवी खरेदी झाली. फरकाच्या रकान्यात फक्त ८ दिसत होते. त्या ८ च्या पोटात १८ ची खरेदी, ६ चा घसारा आणि ४ ची विक्री दडलेली होती.

राखीव निधीचं खातं बघा. सुरुवात १८, शेवट २४. मधे ४ लाभांश बाहेर गेला. म्हणजे करानंतरचा नफा ६ नाही, १० आहे. त्यात कराची तरतूद ४ मिळवली की करापूर्वीचा नफा १४ येतो. हा आकडा नफा-तोटा पत्रकाशी ताडून बघायचा. इथं जर तो जुळला नाही, तर राखीव निधीत दुसरी कुठली तरी नोंद झाली आहे, असं समजायचं. पुनर्मूल्यन झालं असेल, बोनस शेअर दिले असतील. त्यात रोख हलत नाही, म्हणून ते पत्रकात येत नाही.

कराचं खातं. सुरुवात ३, चालू वर्षाची तरतूद ४, एकूण ७. शेवटी शिल्लक ४. म्हणजे वर्षात ३ लाख कर प्रत्यक्ष भरला. चलनांची बेरीज ३ आली की खात्री झाली.

मुदत कर्जाचं खातं. सुरुवात २०, फेड ४, राहिले १६, शेवटी २६. म्हणजे नवीन कर्ज १० लाखांचं. नियम असा आहे की घेतलेलं कर्ज आणि फेडलेलं कर्ज वेगवेगळं दाखवायचं, नुसता ६ चा फरक नाही.

आता पत्रक मांडू

कामकाजाच्या भागाची सुरुवात करापूर्वीच्या नफ्यापासून, म्हणजे १४ पासून. नफ्याचा आकडा रोखीत बदलायचा असेल तर दोन प्रकारच्या दुरुस्त्या लागतात.

पहिली दुरुस्ती : ज्यांच्यात या वर्षी रोख हलली नाही किंवा ज्यांची जागा दुसऱ्या गटात आहे, अशा बाबी. घसारा ६ हा खर्च म्हणून नफ्यातून वजा झाला, पण त्यासाठी कुणाला पैसे दिले नाहीत, म्हणून परत मिळवायचा. इथं एक गैरसमज दूर करू. घसाऱ्यातून पैसा येत नाही. नफा काढताना जे वजा केलं होतं, तेवढंच आपण परत ठेवतो. यंत्र विक्रीचा तोटा १ असाच. यंत्र विकून आलेले ३ लाख आपण पूर्णपणे गुंतवणुकीच्या भागात दाखवणार आहोत, म्हणून त्या व्यवहाराची कुठलीही खूण कामकाजात ठेवायची नाही. तोटा मिळवायचा, आणि नफा झाला असता तर वजा केला असता. व्याज २ लाख खरंच भरलं आहे, पण ते कर्जाचं मोल आहे. अकाउंटिंग स्टँडर्ड ३ प्रमाणे बँक किंवा वित्तसंस्था नसलेल्या व्यवसायाने भरलेलं व्याज वित्तपुरवठ्यात जातं, म्हणून इथं मिळवायचं आणि तिथं वजा करायचं. एकूण झाले १४ + ६ + १ + २ = २३.

दुसरी दुरुस्ती : खेळत्या भांडवलातले बदल. इथं चिन्हं पाठ करू नका, मिलच्या दारात उभं राहून विचार करा. मालसाठा ९ ने वाढला, म्हणजे तेवढ्या पैशाची तूर गोदामात कट्ट्यांमध्ये बसली आहे, वजा. येणी ४ ने वाढली, म्हणजे डाळ गेली, बिल झालं, नफाही धरला, पण व्यापाऱ्याने पैसे दिले नाहीत, वजा. देणी ३ ने घटली, म्हणजे या वर्षी जेवढा माल उधारीत घेतला त्यापेक्षा जास्त उधारी फेडली, वजा. एकूण उणे १६.

| रोख प्रवाह पत्रक, वर्ष २०२३-२४ | लाख रु. |
|---|---|
| करापूर्वीचा नफा | १४ |
| घसारा | +६ |
| यंत्र विक्रीचा तोटा | +१ |
| व्याज खर्च | +२ |
| खेळत्या भांडवलातील बदलापूर्वी | २३ |
| मालसाठ्यात वाढ | −९ |
| येण्यांत वाढ | −४ |
| देण्यांत घट | −३ |
| भरलेला आयकर | −३ |
| कामकाजातून निव्वळ रोख | +४ |
| यंत्रसामग्री खरेदी | −१८ |
| यंत्र विक्री | +३ |
| गुंतवणुकीतून निव्वळ रोख | −१५ |
| भागभांडवल उभारणी | +५ |
| नवीन मुदत कर्ज | +१० |
| मुदत कर्जाची फेड | −४ |
| भरलेलं व्याज | −२ |
| दिलेला लाभांश | −४ |
| वित्तपुरवठ्यातून निव्वळ रोख | +५ |
| रोखीतील घट | −६ |
| सुरुवातीची रोख | ९ |
| शेवटची रोख | ३ |

आता मघाचं पत्रक आठवा. तिथं कामकाजातून उणे ९ होते, इथं अधिक ४ आहेत. तळाचा आकडा दोन्हीकडे उणे ६. पहिलं पत्रक शाखाधिकाऱ्यासमोर ठेवलं असतं, तर तो म्हणाला असता की ही मिल चालवण्यातच वर्षाला ९ लाख जळतात, हिला आणखी कर्ज कशाला द्यायचं? खरं तर मिल चालून ४ लाख रोख सुटतात. फक्त मांडणीच्या चुकीने धंद्याचं रूपच पालटलं.

पत्रक काय सांगतं

मालकाच्या प्रश्नाकडे परत येऊ. कुणीही पटकन म्हणेल, नवीन यंत्र घेतलं म्हणून पैसा गेला. पत्रक बघून सांगा, तसं आहे का? यंत्राला १८ लाख लागले. नवीन कर्ज १०, नवीन भांडवल ५ आणि जुन्या यंत्राचे ३, असे १८ च आले. यंत्राने मिलच्या शिलकेतला एक रुपयाही घेतला नाही.

मग राहिलं काय? कामकाजातून सुटलेले ४ लाख एका बाजूला, आणि हप्ते ४, व्याज २, लाभांश ४ असे १० लाख दुसऱ्या बाजूला. तूट ६ लाखांची. बँकेतली शिल्लक नेमकी तेवढीच आटली. म्हणजे नफा १४ दिसला म्हणून लाभांश ४ वाटला, पण त्या नफ्यातले बहुतेक पैसे तूर आणि उधारी यांच्यात अडकलेले होते. हे मालकाला सांगता आलं, तर पुढच्या वर्षी काय करायचं तेही बोलता येतं. उधारीची मुदत आवळायची, की लाभांश थांबवायचा, की तुरीसाठी हंगामी कर्ज घ्यायचं? निर्णय मालकाचा, पण आता तो कशाबद्दल घ्यायचा ते कळलं.

मालसाठ्याच्या या ९ लाखांबद्दल मात्र सावध राहा. आपल्याकडे तुरीची काढणी साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत होते, त्यामुळे ३१ मार्चला डाळमिलचं गोदाम भरलेलं असणं स्वाभाविक आहे. साखर कारखान्याचंही तसंच. गाळप हंगाम संपत आलेला असतो आणि साखर पोत्यांत असते. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यायचे असतात, पण साखर विकायला महिने लागतात. ताळेबंदात नफा असूनही हातात रोख का नसते, हे त्यावरून समजावं. म्हणून तुलना करताना दोन्ही ताळेबंद वर्षाच्या एकाच तारखेचे घ्यायचे. मार्चचा ताळेबंद सप्टेंबरच्या शेजारी ठेवला, तर हंगामाचा चढउतारच धंद्याची प्रगती किंवा अधोगती म्हणून दिसेल.

जिथं हमखास चुकतं

तळाची बेरीज तपासत नाही म्हणालो, मग काय तपासायचं? तीन ठिकाणं.

पहिलं, धनकोंची यादी उघडा. समजा त्या १३ लाखांतले २ लाख तूर विकणाऱ्याचे नसून यंत्र पुरवणाऱ्याचे आहेत. मग यंत्रासाठी रोख १८ नव्हे, १६ च गेले. आणि व्यापारी देणी १६ वरून १३ वर नाही, ११ वर आली, म्हणजे ५ ने घटली. कामकाजाचे ४ चे २ होतात, गुंतवणुकीचे उणे १५ चे उणे १३ होतात. तळाला पुन्हा उणे ६ च. ताळेबंदात 'धनको' या एका ओळीत दोघंही बसलेले असतात, त्यामुळे यादी बघितल्याशिवाय हे कळत नाही.

दुसरं, रोख म्हणजे नक्की काय ते ठरवा. हातातली रोख, बँकेतली मागताक्षणी मिळणारी शिल्लक, आणि घेतल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुदत संपणाऱ्या ठेवी, एवढंच रोख आणि रोख-समतुल्य. वर्षभराची मुदत ठेव बँकेच्या ओळीत लिहिलेली असली तरी ती गुंतवणूक आहे. उलट बाजूने, कॅश क्रेडिट खात्यात मिल नेहमी उणे असेल, तर ती रोख वजा करायची नाही. ते कर्ज आहे, वित्तपुरवठ्यात दाखवायचं.

तिसरं, शोधून काढलेला प्रत्येक आकडा बाहेरच्या कागदाशी ताडा. यंत्र खरेदीचे १८ आपण वजाबाकीतून काढले, ते खरेदीच्या बिलांशी जुळतात का? कर्जाचे १० बँकेच्या उताऱ्यात जमा आहेत का? कराचे ३ चलनांत आहेत का? लाभांश ४ खरंच दिला, की फक्त जाहीर केला? जाहीर करून दिला नसेल, तर तो देण्यांत पडलेला असेल आणि पत्रकात येणार नाही. या चार ताळ्यांपैकी एक जरी चुकला, तरी तुमची तळाची बेरीज तक्रार करणार नाही. तक्रार करतो तो कागदच.

घरी जाऊन एक करून बघा. याच उदाहरणात जुनं यंत्र ३ ऐवजी ५ लाखांना विकलं असं धरा, म्हणजे १ चा तोटा जाऊन १ चा नफा होईल. करापूर्वीचा नफा १६ होईल, तो १ परत वजा करावा लागेल, आणि रोखीची शिल्लक ५ होईल. कर तेवढाच धरा. कामकाजाची रोख किती येते ते काढा. ती ४ च राहिली, तर यंत्र विक्रीचा व्यवहार तुम्ही कामकाजातून पूर्णपणे बाहेर काढला, असं समजा. ती बदलली, तर कुठं तरी तो एकदा जास्त किंवा एकदा कमी मोजला गेला आहे. पुढच्या व्याख्यानात आपण हीच मिल घेऊन प्रत्यक्ष पद्धतीने पत्रक मांडू आणि वरचे ४ लाख तिथूनही येतात का ते पाहू.